डब्यावरचं नाव

मागच्या महिन्यात एका लग्नात माझ्या हॉस्टेलच्या मित्राच्या, मास्तरच्या आई भेटल्या. पंगत बसली होती, वाढप्यांची धावपळ चालली होती, मठ्ठ्याचा आणि जिलबीच्या पाकाचा वास एकमेकांत मिसळला होता. त्या गर्दीतून वाट काढत काकू थेट माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "काय रे, घरचा रस्ता विसरलास का?" मी काहीतरी पुटपुटलो, कामाचं कारण सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. मग जाता जाता म्हणाल्या, "तुझ्या आईचा डबा अजून आमच्याकडेच आहे, चकल्यांचा. नाव आहे त्याच्यावर, म्हणून मी वापरायला काढत नाही. येऊन घेऊन जा."

नाव आहे त्याच्यावर. घरी आल्यावरही ते वाक्य डोक्यातून जाईना. आई प्रत्येक भांड्यावर नाव घालून घ्यायची. दुकानातला माणूस ते छोटं यंत्र टर्रर्र करत स्टीलवर फिरवायचा, आणि आई तो होईपर्यंत काउंटरपाशी उभी राहून वेलांटी नीट आली की नाही ते बघायची. शेजारणींशी तिचं कधीच भांडण नव्हतं. तरीही वाटीपासून पातेल्यापर्यंत सगळ्यावर नाव. आणि आम्ही तिघांनी एक अख्खी कंपनी काढली, तेव्हा कुणाचं काय आणि किती, हे लिहायला अर्धा तासही दिला नाही.

मास्तर, बापू आणि मी. इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलपासूनची ही नावं. परीक्षेच्या आदल्या रात्री सगळ्या मजल्याला शिकवायचा म्हणून मास्तर, आणि कुणाच्याही घरच्या माणसांशी पाच मिनिटांत सोयरिकीपर्यंत पोहोचायचा म्हणून बापू. बापूच्या गावी दूध संकलन केंद्र होतं. २०१८च्या दूध आंदोलनानंतर पंचवीस रुपये लिटर हा आकडा सगळ्यांच्या तोंडी होता, आणि त्याच सुमारास बापू एकदा म्हणाला की गावात खरी तक्रार दरापेक्षा चिठ्ठीची असते. केंद्रावर कॅन उतरतो, नमुना यंत्रात जातो, फॅट आणि एसएनएफ, म्हणजे दुधातले फॅट सोडून बाकीचे घनपदार्थ, किती ते दिसतं, कुणीतरी वहीत लिहितं, दहा दिवसांनी बिल होतं. दहा दिवसांनी आपलं फॅट ३.८ होतं की ३.५, हे कुणाला आठवणार? यंत्राला मागे केबल लावायला जागा असते. वजनकाटा आणि ते यंत्र संगणकाला जोडायचं, दरपत्रक आत भरून ठेवायचं, आणि शेतकऱ्याच्या हातात तिथल्या तिथे चिठ्ठी द्यायची, एवढी ती कल्पना. त्या रात्री आम्ही धनकवडीतल्या खोलीत पहाटेपर्यंत बोलत होतो. मास्तरने वर्तमानपत्रावरच आकृती काढली होती. तो कागद मी बरीच वर्षं जपून ठेवला होता.

जानेवारी २०१९मध्ये कंपनीची नोंदणी करायला सीएंकडे गेलो. एक लाख रुपयांचं भांडवल, दहा रुपयांचा एक असे दहा हजार शेअर. सरांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "कुणाला किती?" आम्ही तिघं एकदम म्हणालो, "सारखे." दहा हजाराला तीनने भाग जात नाही, एक उरतो. तो एक मास्तरला दिला, कारण पहिला लॅपटॉप त्याचा होता. त्याचे ३,३३४, आमचे ३,३३३. त्या एका शेअरवर आम्ही जिन्यात उतरेपर्यंत हसत होतो. सरांनी आणखी एक प्रश्न विचारला होता: "नोकरी कोणी कोणी सोडलीय?" बापूने हात वर केला. मास्तर म्हणाला, जूनमध्ये. मी म्हणालो, पुढच्या मार्चनंतर. वडिलांची बायपास नुकतीच झाली होती, घराचा हप्ता माझ्या पगारातून जायचा. दोघांनाही ते ठाऊक होतं. सर म्हणाले, "मग आपसात एक करार करून घ्या. कोण कधी पूर्णवेळ येणार, आणि मधेच कोणी गेला तर त्याच्या शेअरचं काय." बापू म्हणाला, "सर, आम्ही एका ताटात जेवलेलो आहोत."

सरांनी पुढे आग्रह केला नाही.

पहिलं वर्ष कसं गेलं ते मला आजही वासांनी आठवतं. केंद्रावरच्या ओल्या फरशीचा आणि आंबूस दुधाचा वास, बापूच्या जर्किनला लागलेला पेट्रोलचा वास, खोलीतल्या तापलेल्या चार्जरचा वास. संकलन पहाटे पाचला सुरू होतं आणि पुन्हा संध्याकाळी पाचला. बापू साडेतीनला मोटरसायकल काढायचा, सकाळचं संकलन उरकून दुपारी पुढच्या गावी नवीन केंद्रवाल्याला पटवायला जायचा, संध्याकाळी पुन्हा एखाद्या केंद्रावर. मास्तर रात्रभर कोड लिहायचा, कारण बिघाड पहाटेच कळायचा. मी आठवड्यातून दोन-तीन रात्री ऑफिसातून साडेसातला सुटून नऊपर्यंत खोलीवर यायचो, एक वाजेपर्यंत बसायचो, शनिवार-रविवारी जमेल तेवढा वेळ द्यायचो. दरमहा पंधरा हजार रुपयेही द्यायचो. त्यातून खोलीचं भाडं आणि सर्व्हरचा खर्च निघायचा. कुणालाच पगार नव्हता. मला माझं देणं पुरेसं वाटायचं, खरं तर थोडं जास्तच वाटायचं, कारण मी दोन माणसांचं काम एका अंगावर ओढत होतो आणि त्या रात्रींची झोप चार तासांवर आली होती.

भूमिकांचं आम्ही कधी बोललोच नाही. व्हिजिटिंग कार्डावर तिघांच्याही नावाखाली "सहसंस्थापक" छापलं होतं. एकदा एका दूध संघाच्या अध्यक्षांनी तिन्ही कार्डं टेबलावर मांडली, आमच्याकडे बघितलं आणि विचारलं, "बाकी ठीक आहे, पण तुमच्यात शेवटचा शब्द कुणाचा?" आम्ही एकमेकांकडे पाहिलं. तो प्रश्न चुकीचा आहे असं तेव्हा आम्हाला मनापासून वाटलं होतं. पण रोजच्या कामात तो सारखा उभा राहायचा. बापू केंद्रवाल्याला शब्द देऊन यायचा की पशुखाद्याची उधारी पण बिलातून कापून मिळेल. मास्तर म्हणायचा, मला विचारल्याशिवाय शब्द का दिला? मग दोघं माझ्याकडे बघायचे, आणि मी रविवारी निर्णय द्यायचो. आठवड्यातले पाच दिवस जो तिथे नसतो त्याने रविवारी निर्णय द्यायचा, हे त्यांना किती टोचत असेल याचा विचार मी तेव्हा केला नाही. मला वाटायचं, बाहेरून बघणाऱ्यालाच नीट दिसतं.

नोव्हेंबर २०१९मध्ये दरपत्रक बदललं. दरपत्रक भरणं माझं काम. रात्री एकच्या सुमारास, डोळे चुरचुरत असताना, मी एका केंद्राचा गाईच्या दुधाचा दर भरताना पंचवीसच्या जागी साडेसव्वीस टाकला. दर जास्त मिळाला म्हणून कोणता शेतकरी तक्रार करणार? पाच दिवस, रोज साधारण नऊशे लिटर, लिटरमागे दीड रुपया. संघाकडून आलेली रक्कम आणि वाटलेली रक्कम जुळेना तेव्हा केंद्रचालकाच्या लक्षात आलं: ६,७५० रुपये जास्त वाटले गेले होते. तो सकाळी सहाला बापूवर ओरडत होता आणि बापू मला फोन लावत होता. मी झोपलेलो होतो. नंतर मी एका बैठकीत होतो, फोन मुका केलेला. दुपारी एकला मी फोन केला तेव्हा बापू शांतपणे म्हणाला, "मिटलं." ते पैसे त्याने स्वतःच्या बचतीतून दिले होते. नऊ महिने ज्याला एक रुपया पगार नव्हता, त्याने. मी लगेच पैसे पाठवले आणि त्याने ते तसेच परत पाठवले.

तिथून काहीतरी उसवलं. पण ते मला कळलं भाषेतून, आणि तेही उशिरा. मराठीत "आपण" आणि "आम्ही" असे दोन वेगळे शब्द आहेत, आणि त्या दोघांमधली भिंत इतकी स्पष्ट आहे की एखाद्या नात्याची तब्येत तिथेच तपासता यावी. सुरुवातीचे आमच्या ग्रुपवरचे निरोप मी मध्ये पुन्हा वाचले. "आपण त्या केंद्रावर कधी जायचं?" "आपल्याला नवीन प्रिंटर लागेल." डिसेंबरनंतर बापूच्या निरोपांत हळूहळू "आम्ही" येतं. "आम्ही काल ठरवलं की…" "आम्ही दोघं जाऊन येतो, तू नको त्रास घेऊस." त्यात काळजीही होती, हे मी नाकारत नाही. पण मला वगळून त्यांचा वेगळा ग्रुप तयार झाल्याचं मला पुढे तीन महिन्यांनी कळलं. "आम्ही" मात्र डिसेंबरपासूनच लिहिलेलं होतं.

मार्च २०२० आला आणि त्याबरोबर लॉकडाऊन. दूध थांबत नाही. बापू पास काढून, तोंडाला रुमाल बांधून केंद्रांवर जात राहिला. दुधाचे दर कोसळले, केंद्रवाले महिन्याचे पैसे थकवू लागले. मी दिलेला शब्द मार्चचा होता, आणि त्याच महिन्यात वडिलांच्या औषधांची पिशवी हातात घेऊन मी ठरवलं की आता नोकरी सोडणं शक्य नाही. मी तसं फोनवर सांगितलं. मास्तर म्हणाला, "बरोबर आहे तुझं." बापू काहीच बोलला नाही.

ऑगस्टमध्ये खोलीवर तिघं भेटलो तेव्हा बापूने एक वही काढली. लांबट, लाल कापडी पाठीची, केंद्रांवर असते तशी. आधी मला वाटलं, वसुलीचा हिशोब असेल. त्यात तारखा होत्या, गावं होती, निघाल्याची आणि परतल्याची वेळ होती. आठवड्याला सरासरी चौऱ्याऐंशी तास. फेब्रुवारी २०१९ ते मार्च २०२०, साधारण साठ आठवडे, म्हणजे पाच हजारांच्या वर तास. सुरुवातीला तो हे पेट्रोलच्या खर्चासाठी लिहीत होता. मग कधीतरी तास मोजायला लागला. मी माझे मोजले: आठवड्याला फार तर वीस, म्हणजे बाराशे. मी चिडलो. म्हणालो, माझे दोन लाख दहा हजार रुपये मोज ना मग. मास्तरने मध्यस्थी म्हणून एक तक्ता मांडला. ज्याने जितका पगार सोडला तितकं त्याचं देणं धरायचं. बापूचे बेचाळीस हजार, चौदा महिने: पाच लाख अठ्ठ्याऐंशी हजार. मास्तरचे अठ्ठावन्न हजार, दहा महिने: पाच लाख ऐंशी हजार. माझे रोख दोन लाख दहा हजार, आणि पगाराच्या एक चतुर्थांश भावाने धरलेले माझे तास, पुन्हा दोन लाख दहा हजार. बेरीज केल्यावर माझा वाटा साडेसव्वीस टक्क्यांच्या जवळ येत होता. कागदावर होता तेहेतीस. म्हणजे आमचं भांडण सात टक्क्यांचं होतं, आणि ज्या कंपनीचं ते होतं तिच्या खात्यात त्या दिवशी एकोणीस हजार रुपये होते.

तो तक्ता बघून खरं तर आमचं मिटायला हवं होतं. फरक इतका थोडा होता. पण बापूने वही बंद केली आणि म्हणाला, "तू दमला नसशील असं मी म्हणत नाही रे. पण एक तारखेला तुझ्या खात्यात पैसे यायचे. मी ज्या पोटात गोळा घेऊन साडेतीनला गाडीला किक मारायचो, तो तुला नव्हता."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. दोघांच्या एका तासात साठच मिनिटं असतात, पण पाठीशी पगार असताना दिलेला तास आणि पाठीशी काहीच नसताना दिलेला तास एका रकान्यात बसत नाहीत. मास्तरच्या तक्त्यात पगाराचा आकडा होता. लग्नाची बोलणी मोडलेली, वडिलांनी बोलणं टाकलेलं, मित्रांच्या सहलीला खोटं कारण सांगून न जाणं, यांना रकाना नव्हता. आणि माझ्या बाजूलाही एक गोष्ट होती जी त्या वहीत नव्हती. आपण मागे राहिलो ही लाज चौदा महिने रोज उराशी बाळगून काम करणं. ती मी त्या दिवशी बोललो नाही. त्याऐवजी म्हणालो, "मग मीच जातो." सप्टेंबरमध्ये संचालकपदाचा राजीनामा दिला, कंपनीने तो नियमाप्रमाणे कळवला, आणि मला वाटलं, संपलं.

संपलं नव्हतं. संचालकपद सोडलं तरी शेअर सुटत नाहीत, ही साधी गोष्ट आम्हा तिघांच्याही ध्यानात नव्हती. मी कामाला नव्हतो, बैठकीला नव्हतो, पण कंपनीच्या एक तृतीयांश भागाचा मालक होतो. २०२१च्या मे महिन्यात आठ महिन्यांनी मास्तरचा फोन आला. एक गुंतवणूकदार ऐंशी लाख द्यायला तयार होते, पण भागधारकांची यादी बघून थांबले होते. निघून गेलेल्या माणसाकडे अडकून पडलेल्या अशा शेअरना ते लोक "डेड इक्विटी" म्हणतात. मास्तरने तो शब्द फोनवर माझ्यासमोर उच्चारला आणि लगेच गप्प झाला.

सीए सरांनी नंतर मला आकड्यांत समजावलं. नव्या गुंतवणूकदाराला शेअर द्यायचे तर विशेष ठराव लागतो, आणि त्यात बाजूची मतं विरोधातल्या मतांच्या किमान तिप्पट हवीत. त्या दोघांची मिळून ६,६६७. माझी ३,३३३. मी बैठकीला गेलोच नसतो तर ठराव सहज मंजूर झाला असता. पण जाऊन विरोधात मत दिलं असतं तर त्यांना ९,९९९ लागली असती. म्हणजे ज्याने काम सोडलं होतं त्याच्या हाती अडवण्याची ताकद होती, आणि जे पहाटे साडेतीनला उठत होते त्यांच्या हाती ती सोडवण्याचा मार्ग नव्हता. मग सरांनी वहीच्या मागच्या पानावर, जो करार आम्ही केला नाही तो असता तर काय झालं असतं, ते मांडलं. चार वर्षांत, म्हणजे अठ्ठेचाळीस महिन्यांत शेअर हळूहळू "पक्के" होतील, असं साधारण लिहितात. मी वीस महिने होतो. ३,३३३ गुणिले वीस भागिले अठ्ठेचाळीस: १,३८९ माझे राहिले असते. उरलेले १,९४४ दोघांनी दर्शनी किमतीला, १९,४४० रुपयांत, परत घेतले असते. मी चौदा टक्क्यांच्या आत आलो असतो आणि माझ्या सहीसाठी कुणाला फोन करावा लागला नसता. "आणि नोकरी सोडायची तारीख पाळली नाही तर काय, हे एक कलम घातलं असतं," सर म्हणाले, "म्हणजे तुम्हाला ते एकमेकांच्या तोंडावर बोलावं लागलं नसतं." ते कागद मैत्रीवरच्या अविश्वासाचे असतात असं आम्हाला वाटलं होतं. सरांच्या बोलण्यात ते एखाद्या थकलेल्या माणसाला बसायला दिलेल्या खुर्चीसारखे वाटले.

मास्तरने मागितलं होतं की सगळे शेअर दर्शनी किमतीला द्यावेत. तेहेतीस हजार तीनशे तीस रुपये. मी नाही म्हणालो, आणि तीन आठवडे नाही म्हणत राहिलो. पैशांचा लोभ नव्हता असं मी म्हणणार नाही. त्या कागदाची किंमत उद्या काय होईल याचा विचार रात्री यायचाच. पण त्याहून जास्त हवं होतं ते हे, की कुणीतरी म्हणावं, तूही होतास. ते मागायची रीत मला सापडली नाही, म्हणून मी शेअर धरून बसलो. त्या तीन आठवड्यांत बापूला काय वाटलं असेल, ते मला आता कळतं.

शेवटी सरांच्या कार्यालयातच मिटलं. माझे दिलेले दोन लाख दहा हजार कंपनीने कर्ज म्हणून मानून गुंतवणुकीनंतर परत करायचे. पाचशे शेअर माझ्याकडे राहू द्यायचे. उरलेले २,८३३ दोघांनी दर्शनी किमतीला घ्यायचे. सरांनी घाई केली, कारण गुंतवणुकीचे पैसे एकदा ताळेबंदात आले की शेअरची पुस्तकी किंमत वाढते, आणि त्याहून फार कमी दराने घेतले तर त्या फरकावर घेणाऱ्याला कर पडतो. म्हणून आधी हस्तांतर, मग पैसे. शेअर हस्तांतराचे, एसएच-४चे दोन फॉर्म, एक मास्तरच्या नावाचा, एक बापूच्या. मुद्रांक शुल्क व्यवहाराच्या ०.०१५ टक्के. अठ्ठावीस हजार तीनशे तीसवर सव्वाचार रुपये. मी सही करत असताना बापू खिडकीबाहेर बघत होता. त्याच्या हाताला यंत्राच्या गरम भागावर भाजल्याचा जुना डाग होता, तो मला आधी कधी दिसला नव्हता. बाहेर आल्यावर जिन्यात आम्ही तिघंही थांबलो. पहिल्या दिवशी त्याच जिन्यात एका उरलेल्या शेअरवर हसलो होतो, हे तिघांनाही आठवलं असणार. कुणी काढलं नाही.

काकू भेटल्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी मी गेलो. दार मास्तरने उघडलं. केस पांढरे व्हायला लागलेत त्याचे. काकूंनी माळ्यावरून डबा काढला, पुसला, आणि स्वयंपाकघरात नेला. रिकामा डबा परत द्यायचा नसतो. आत भाजक्या पोह्यांचा चिवडा भरला जात होता आणि आम्ही दोघं बाहेरच्या खोलीत बसून जुन्या मुद्द्यांना सोडून बाकी सगळ्यावर बोललो. नव्या यंत्रांना आता केबल लागत नाही, असं तो म्हणाला. मी वडिलांची तब्येत सांगितली. चहा झाला. उठताना त्याने सांगितलं, "बापू विचारत असतो तुझं."

"काय विचारतो?"

"असंच. कसा आहे म्हणून."

फाटकापर्यंत सोडायला आला. डबा मी स्कूटरच्या पायाशी ठेवला, दोन्ही पावलांच्या मध्ये. बापूचा नंबर अजून तोच आहे का, हे विचारायचं राहिलं. परत जाऊन विचारावं की नाही, याचा विचार करत मी सिग्नलला उभा होतो. डब्यावरच्या आईच्या नावावर ऊन पडलं होतं, आणि वेलांटीच्या टोकाशी, जिथे ते यंत्र थोडं घसरलं होतं, तिथला ओरखडा चमकत होता.